सोसायटीची निवडणूक जिंकल्यावर आभाराचा कागद लावताना आलेला अनुभव

निवडणूक झाली, मोजणी झाली, नाव पुकारलं. हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते नंतर. आभाराचा एक साधा कागद सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचा होता, आणि तेवढ्यासाठी जो ताटकळलो त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. बेळगावात आता बऱ्याच सोसायट्यांच्या निवडणुका अटीतटीने होतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमची सोसायटी 1959 च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे. पुष्कळ अपार्टमेंटांमध्ये 1972 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची असोसिएशन असते. तिथले बायलॉज वेगळे असतात, ते आधी बघून घ्या. पण पुढची अडचण दोन्हीकडे तीच असते.

अडचण अशी. मतमोजणी संपली की तुम्ही निवडून आलेले संचालक असता, पण त्यापलीकडे काहीच नसता. चेअरमन आणि सेक्रेटरी हे नव्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत ठरतात. ती बैठक होऊन कारभार हातात येईपर्यंत ऑफिसची किल्ली, लेटरहेड, शिक्का आणि नोटीस बोर्डाच्या काचेचं कुलूप जुन्या सेक्रेटरीकडेच राहतं. आणि जुना सेक्रेटरी समोरच्या पॅनेलचा असला, तर तुमच्या आभाराच्या कागदावर सही करायला त्याला सवड मिळत नाही. आमच्याकडे हेच झालं. कागद टेबलाच्या खणात पडून. विचारलं की, ‘निकालाची सही झालेली प्रत येऊ दे, मग बघू.’

त्यातला निकालाचा मुद्दा बरोबर आहे, हे मान्य करायलाच हवं. निवडणूक अधिकाऱ्याने तोंडी नावं वाचली तरी सहीचा निकालपत्रक-कागद हाती येईपर्यंत लेखी आभार मानू नयेत. फेरमोजणीची मागणी येऊ शकते. शिवाय निवडणुकीबद्दलची तक्रार कायद्याच्या कलम 70 खाली सहकार खात्याकडे नेता येते. तुमच्या आभारात ‘प्रचंड बहुमताने’, ‘अमुक मतांनी धूळ चारली’ असं काही असेल तर तो कागद उगाच समोरच्याच्या फायलीत जाऊन बसतो. पण निकालाची प्रत आल्यावरही कागद खणातच राहिला. हे मात्र निव्वळ अडवणं होतं.

मार्ग निघाला तो सोपा होता. आभार हे तुमचे वैयक्तिक असतात, सोसायटीचे नव्हेत. म्हणून लेटरहेड नको, शिक्का नको, सोसायटीचं नाव मथळ्यात नको. साध्या ए-फोर कागदावर, स्वतःच्या नावाने आणि फ्लॅट नंबरने लिहायचं. असा कागद काचेच्या आत लागायलाच हवा असं नाही. लिफ्टशेजारी जिथे दूधवाल्याची आणि गॅसवाल्याची चिठ्ठी लागते तिथे तो लागतो, आणि खरं म्हणजे तिथेच जास्त वाचला जातो. वॉचमनला सांगून लावला. सेक्रेटरीला एक प्रत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आठ दिवसांनी आपल्या हाताने काढून टाकायचा. जुने आभार महिनाभर भिंतीवर राहिले की ते प्रचारासारखे दिसू लागतात.

पण सेक्रेटरींनी कागद अडवला त्यामागे एक खरं दुखणंही होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. आमच्या पॅनेलमधल्या उत्साही मंडळींनी ग्रुपवर आधीच मजकूर फिरवला होता: ‘परिवर्तनाला कौल दिल्याबद्दल सर्व सुज्ञ मतदारांचे आभार.’ या एका ओळीत दोन घाव आहेत. परिवर्तन म्हटलं की आधीचा कारभार वाईट होता असं ठरतं, आणि पाच वर्षं टँकरवाल्यांशी भांडलेला माणूस दुखावतो. सुज्ञ मतदार म्हटलं की ज्यांनी मत दिलं नाही ते अडाणी ठरतात. माझ्या कागदात यातलं काही नव्हतं, तरी तोही त्याच रांगेतला समजला गेला. म्हणून पहिली सूचना हीच: निकालाच्या रात्री पॅनेलच्या मंडळींना हात जोडून सांगा की आभाराचा मजकूर एकच जाईल आणि तो उद्या जाईल. गुलाल आणि फटाक्यांबद्दलही तेव्हाच सांगा.

आता ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याबद्दल. इथे बहुतेकांचं लिखाण फसतं, कारण ‘आपले’ आणि ‘विरोधातले’ असे दोन गट आहेत असं डोक्यात बसलेलं असतं. सोसायटीच्या निवडणुकीचं गणित तसं नसतं. आमच्याकडे जागा 7, उमेदवार 11. प्रत्येक मतदाराला सातपर्यंत खुणा करता येतात, आणि सातपेक्षा जास्त केल्या तर अख्खी मतपत्रिका बाद होते. यादीत 64 मतदार होते. 52 आले. त्यांतल्या 3 पत्रिका बाद झाल्या आणि 49 वैध ठरल्या. मला 31 मतं पडली.

आता हे उलट वाचा. 18 जणांनी वैध पत्रिकेवर माझ्या नावापुढे खूण केली नाही, 3 पत्रिका बाद, 12 जण आलेच नाहीत. म्हणजे 64 पैकी 33 जणांचं मत मला मिळालेलं नाही. निवडून आलेल्या माणसालाही यादीतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मत दिलेलं नसू शकतं, हे आकडे समोर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. आणि ते 18 जणही विरोधक नव्हेत. त्यांतल्या बहुतेकांनी उरलेल्या सहा विजेत्यांपैकी कुणाला ना कुणाला मत दिलेलं असणार. खूण करताना माणूस ओळखीचा शेजारी बघतो, आपल्या ब्लॉकचा कोण ते बघतो, कधी सातवं नाव सुचलंच नाही म्हणून जागा कोरी सोडतो. ‘विरोधात मतदान करणाऱ्यांचेही आभार’ असं लिहिलं की ज्याने फक्त तुमचं नाव वगळलं त्या माणसालाही तुम्ही विरोधात ढकलता. मतदान गुप्त असतं. तुमच्या वाक्यातून कुणाकडे बोट जाता कामा नये, ‘काही ब्लॉकमधून साथ कमी मिळाली’ इतकंसुद्धा नको.

यादीबाहेरचेही लोक आहेत. थकबाकीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने नाव नसलेले, भाड्याने राहणारे, आणि ज्यांच्या घरात सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर आहे ते सगळे. आमच्याकडे भाडेकरूंत हॉस्पिटलच्या नर्सेस आणि इंजिनिअरिंगची पोरं बरीच. लिफ्ट बंद पडली की जिना तेही चढतात. नुसतं ‘मतदार बंधू-भगिनींनो’ लिहिलं की हे सगळे गळतात. म्हणून मी ‘रहिवासी’ असं लिहिलं. शेवटी लागलेला मजकूर असा होता:

‘सर्व रहिवाशांना नमस्कार. सोसायटीच्या संचालक मंडळावर माझी निवड झाली आहे. मतदानाला आलेल्या, येऊ न शकलेल्या आणि यादीत नाव नसलेल्या अशा सर्व कुटुंबांचा मी आभारी आहे. आम्ही अकराजण उभे होतो आणि सगळेच सोसायटीच्या कामासाठी उभे होतो. ज्यांनी दुसऱ्या नावांना पसंती दिली त्यांच्या मताचा मला आदर आहे, आणि त्यांचं काम माझ्याकडे तितक्याच हक्काने यावं. मावळत्या मंडळाने पाच वर्षं वेळ दिला, त्यांना धन्यवाद. पाण्याचा आणि पार्किंगचा जो विषय प्रचारात सर्वांनीच मांडला, तो पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी विनंती मी करणार आहे.’

शेवटचं वाक्य नीट बघा. ‘पाणी सुरळीत करीन’ असं नाही, ‘विषय घ्यावा अशी विनंती करणार’ असं आहे. एकटा संचालक काही मंजूर करू शकत नाही, ठराव मंडळाचा असतो. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी किती दिवसांनी येईल हेही आपल्या हातात नाही. आपल्या हातात संपची, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची सफाई, गळती आणि टँकरच्या बिलाचा हिशेब आहे. आभाराच्या भरात दिलेलं आश्वासन पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवलं जातं.

मजकुरात मी स्वतःचा मतांचा आकडा घातला नाही. ज्याला 19 पडली त्याचाही आकडा मग लोक शोधतात.

भाषेचं सांगायचं राहिलं. आपल्या भागात हा नाजूक विषय आहे आणि तो आभाराच्या कागदावर चिघळू देऊ नये. एकाच कागदावर वर कन्नड, खाली मराठी, दोन्हींच्या अक्षराचा आकार सारखा. दुकानांच्या पाट्यांसाठी 60 टक्के कन्नडचा नियम आहे. तो वैयक्तिक चिठ्ठीला लागू नाही, पण कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून कन्नड वर ठेवणं बरं. कन्नड मजकूर मोबाइलवर भाषांतर करून लावू नका, ते कानडी शेजाऱ्याला एका ओळीत कळतं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या अक्कांकडून लिहून घेतला. त्या समोरच्या पॅनेलच्या प्रचारात होत्या. त्यांनीच ‘एल्ला निवासिगळिगू धन्यवादगळु’ अशी सुरुवात सुचवली आणि खाली दोन ओळी कापल्याही.

कागद लावण्याआधी एक काम करायचं असतं, ते आत्ता आठवलं. निवडून न आलेल्या चौघांच्या घरी जाऊन यायचं. त्यांना आभाराचा कागद भिंतीवर वाचून कळता कामा नये. पाच मिनिटं पुरतात. सांत्वन करू नये, ‘थोडक्यात हुकलं’ हे तर अजिबात म्हणू नये. त्यांच्या प्रचारपत्रकातला एक मुद्दा हातात घेऊन जावं. मी त्यांतल्या एका काकांकडे दुचाकींच्या पार्किंगबद्दल विचारायला गेलो होतो. काकांनी कपाटातून खडूने आखलेला जागेचा नकाशाच काढून दिला: पिलर ते पिलर तीन गाड्या, मध्ये चालायला वाट. तो नकाशा आता बैठकीच्या फायलीत त्यांच्या नावानिशी आहे.

कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, वाटण्याचंही विचारतात. वाटायचा तर सगळ्या घरी सारखा, भाडेकरूंसकट, आणि स्वतःच्या खिशातून. 64 घरं धरली तरी 100 ग्रॅमप्रमाणे साडेसहा किलोच्या आसपास लागतो, आणि तो दुधाचा असल्यामुळे त्याच दिवशी घराघरात पोचला पाहिजे. एवढं जमणार नसेल तर पहिल्या सर्वसाधारण सभेत चहाबरोबर ठेवा. निवडक घरी पुडा गेला की कुणी मत दिलं याची यादीच तुम्ही जिन्यातून फिरवलेली असते.

ग्रुपवर आभार टाकले की कुणीतरी लिहितंच, ‘मी तुम्हाला मत दिलं नव्हतं हं.’ तिथे हसण्याचं चिन्ह टाकून सोडून देऊ नका, आणि ‘तरीही’ हा शब्द वापरू नका. मी एवढंच लिहिलं: ‘काही हरकत नाही, सर. तुमच्या ब्लॉकच्या संपच्या झाकणाची तक्रार होती ना, ती लिहून द्या, सोमवारी नेतो.’ तक्रार रविवारीच आली.