कोब्यात शिरलेलं मूळ

दोन वर्षांपूर्वी बेडरूमच्या छताला ओल आली, म्हणून मी गच्चीवर बोगनवेलीची कुंडी सरकवायला गेले, तर ती हलेचना. कुंडीच्या भोकातून निघालेलं मूळ कोब्याच्या भेगेत उतरलं होतं. गवंड्याने तेवढा कोबा फोडला, तेव्हा खालच्या जुन्या डांबरी थरातून पेन्सिलीएवढं मूळ आरपार गेलेलं दिसलं.

बाग मला सोडायची नव्हती. या वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, पहिलं माती तोला." दहा लिटरच्या बादलीत शेतातली माती भिजवून तोलली, तर सतरा किलो भरली. म्हणजे एक चौरस मीटरवर फूटभर थर दिला की पाचशे किलोंच्या वर वजन. माणसांचा वावर असलेल्या गच्चीला साधारण दीडशे किलो प्रति चौरस मीटर इतकाच भार धरलेला असतो. कोकोपीट आणि कंपोस्टचं ओलं मिश्रण त्याच बादलीत नऊ किलो भरलं. ते आठ इंच घातलं तरी एकशे ऐंशी किलो होतात, म्हणून सगळ्या गच्चीवर वाफे करायचा बेत सोडला. आरसीसीच्या नकाशावर त्यांनी बीम आणि भिंती कुठून जातात ते दाखवलं. लांब प्लांटर फक्त त्या रेषांवर ठेवले. स्लॅबच्या मधोमध पुदिना, कोथिंबिरीच्या हलक्या कुंड्या.

वॉटरप्रूफिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सिमेंटचं कोटिंग पाणी अडवतं, पण मूळ भेगेतून वाट काढतंच. साध्या डांबरी शीटलाही मूळ भेदून जातं. म्हणून मूळरोधक रसायन मिसळलेली मेम्ब्रेन, म्हणजे गच्चीवर चिकटवायची पाणीरोधक शीट, घेतली. तिच्यातही कच्चा भाग म्हणजे जोड. प्रत्येक जोड चार इंच एकावर एक घेऊन गॅसच्या ज्योतीने चिकटवला, आणि मी स्वतः करणीच्या टोकाने उचलून पाहिला. दोन ठिकाणी टोक आत गेलं, ते पुन्हा तापवून घेतले. पॅरापेटच्या कोपऱ्यात सिमेंटच्या मसाल्याची गोलाई करून मेम्ब्रेन भिंतीवर मातीच्या पातळीहून सहा इंच वर नेली.

मग पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवलं. छत कोरडं राहिलं, तेव्हाच वर संरक्षक थर घातला. त्याला शंभराला एक उतार आहे, तरी पाणी जायच्या पाइपाचं तोंड प्लांटरखाली येऊ दिलं नाही. प्लांटर तीन इंचांच्या स्टँडवर आहेत, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि वाकून पाहता येतं.

मागच्या जुलैत असंच वाकून पाहिलं, तर एका प्लांटरच्या भोकातून पांढरी बारीक मुळं लोंबत होती, जमिनीपासून बोटभर वर. कात्रीने कापली. आता दर महिन्याला प्रत्येक प्लांटरखाली टॉर्च मारते.