वीस तुकड्यांत विकलेले शेअर

वडिलांच्या डीमॅटमधून माझ्याकडे एका छोट्या कंपनीचे १८,००० शेअर आले. ताईच्या फ्लॅटसाठी पैसे हवे होते, म्हणून ते विकायचे ठरलं. भाव २१२ च्या आसपास. त्या कंपनीचा दिवसभराचा व्यवहार मात्र साधारण ९०,००० शेअरांचा. म्हणजे आमच्याकडचा गठ्ठा एका दिवसाच्या उलाढालीचा पाचवा हिस्सा होता. हा हिशोब मी नंतर केला, आधी करायला हवा होता.

पहिल्या दिवशी सरळ २,००० ची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावाला विका. स्क्रीनवर खरेदीदारांच्या पाच पायऱ्या दिसत होत्या, सगळ्यात वर २१२ ला फक्त १५० शेअर. पाचही पायऱ्या मिळून १,४०० भरत होते. उरलेले ६०० कुणाच्या गळ्यात पडले ते दिसलंसुद्धा नाही, भाव एकदम २०८ च्या घरात गेला. सरासरी मिळाली २१०.४३, म्हणजे शेअरमागे दीड रुपयावर पाणी सोडलं. एकूण ३,१४२ रुपये. आणि दहा मिनिटांत भाव परत २११.६० वर! बाजार पडलाच नव्हता, मीच पाडला होता.

उरलेले १६,००० दोन दिवसांत, रोज ८,००० असे विकायचे ठरवले. दिवसाचे समान तुकडे करून विकण्याच्या या पद्धतीला बाजारात टीवॅप म्हणतात. मोठ्या संस्थांचं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, माझ्याकडे मोबाईलचा गजर होता. सकाळी दहा ते पावणेतीन, दर पंधरा मिनिटांनी ४०० शेअर, असे वीस तुकडे. सव्वानऊनंतरची पहिली पाऊण तास भाव फार उड्या मारतो म्हणून सोडली, आणि शेवटची पाऊण तास उरलंसुरलं काढायला ठेवली. डीमॅटचा गुप्त क्रमांक, म्हणजे टीपिन, टाकून सकाळीच पूर्ण ८,००० विकायची परवानगी देऊन ठेवली, नाहीतर दर तुकड्याला ती कटकट. डीमॅटमधून शेअर काढायचा डीपी चार्ज दिवसाला एकदाच लागतो, पण ब्रोकरेज दर ऑर्डरला होतं. कमाल २० रुपये, म्हणजे वीस तुकड्यांचे ४०० आणि वर जीएसटी. पहिल्या दिवशीच्या फटक्यापुढे हे काहीच नव्हतं.

मार्केट ऑर्डर मात्र बंद. दर वेळी वरच्या खरेदीदाराच्या भावाखाली तीस पैशांपर्यंत लिमिट ऑर्डर टाकायची, म्हणजे त्याहून कमी भावाला विक्री होत नाही. पाच मिनिटांत भरली नाही तर रद्द, आणि उरलेले पुढच्या तुकड्यात. पण एका वेळी ८०० च्या वर जायचं नाही.

बारापर्यंत सगळं सुरळीत चाललं. एकच्या सुमारास अडचण कळली. सकाळी पंधरा मिनिटांत सात-सात हजार शेअर फिरत होते, जेवणाच्या वेळी तोच आकडा हजार-अकराशेवर आला. माझे ४०० तेच. म्हणजे सकाळी मी गर्दीतला एक होतो, दुपारी एक तृतीयांश बाजार मीच. घड्याळाला उलाढाल दिसत नाही, या पद्धतीचा खरा कच्चा दुवा तो. शिवाय १२:४५ च्या आधी वरची ५०० ची खरेदी गायब झाली, माझी ऑर्डर भरल्यावर दोन मिनिटांनी परत आली. योगायोग असेल, पण १:०० लाही तेच झालं. ठोक्याला ठोका विकणारा कुणीही ओळखतो.

संध्याकाळी एक्सेल उघडलं. त्या वीस वेळांच्या ठीक आधीच्या भावांची सरासरी २११.१०, माझी विक्री २१०.८८. म्हणजे माझ्या विकण्याने झालेला खड्डा शेअरमागे २२ पैसे. भाव सकाळच्या २११.६० वरून आपला आपण ५० पैसे उतरला, तो वेगळा. हे दोन आकडे वेगळे काढले नाहीत तर पद्धत बरी की वाईट हे कळायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी तुकडे ३३० ते ४७० असे कमीजास्त केले, वेळाही दोन-तीन मिनिटं मागेपुढे, आणि साडेबारा ते दोनमधला माल थोडा सकाळ-दुपारकडे ढकलला. खड्डा १२ पैशांवर आला. पण त्याच दिवशी सगळा बाजार घसरला. सुरुवातीला २१०.५० असलेला शेअर दुपारी २०५ ला, आणि माझी सरासरी २०६.४०.

धाकट्या भावाने लगेच ऐकवलं, "दादा, सकाळीच सगळे फुंकले असतेस तर?" मी त्याला सकाळी दहाचा स्क्रीनशॉट दाखवला. पाच पायऱ्यांत मिळून १,६०० ची खरेदी होती, आणि विकायचे होते ८,०००. आईचं म्हणणं इतकंच होतं की आता तो गजर बंद कर.