चौथ्या बेचक्यातली भेग आणि माझा डावा पाय

दुसऱ्यांदा ताप आला तो संध्याकाळी सहाच्या सुमारास. आधी डाव्या जांघेत ठणका लागला, मग अशी हुडहुडी भरली की दोन पांघरुणं घेऊनही दात वाजत होते. नऊ वाजेपर्यंत डावी पोटरी लालभडक होऊन तव्यासारखी तापली. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटरीकडे एकदा पाहिलं आणि सरळ पायाची बोटं फाकवायला घेतली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधलं बेचकं उघडलं तर आतली कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी झालेली आणि मधोमध एक बारीक भेग. "ताप इथून शिरलाय," ते म्हणाले.

नऊ वर्षं हा पाय लिम्फेडीमाने, म्हणजे लसिका नावाचा शरीरातला द्रव साचून, सुजलेला होता आणि त्या नऊ वर्षांत मी ते बेचकं एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. मी सूज बघत होते, पायाची जाडी बघत होते.

माझ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या आणि पायातून वर जाणाऱ्या लसिकेची वाट अडली. त्यानंतर दीड वर्षाने डावा घोटा संध्याकाळी भरून यायला लागला. सुरुवातीला रात्री पाय उशीवर ठेवला की सकाळी उतरायचा. पुढे उतरेनासा झाला. बोटाने दाबलं की पूर्वी खळगा पडायचा, मग तोही पडेना. पाय घट्ट लागायला लागला. घोट्यावर आडवी घडी पडली, पायाच्या बोटांवरची कातडी राठ आणि खवल्यांसारखी झाली, आणि मागच्या दोन वर्षांत पावलावर बारीक बारीक चामखिळीसारखे उंचवटे आले. एका ठिकाणी मला लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन महिने घेतल्या, पाय तसाच राहिला. त्याचं कारण मला पुढे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं. लसिकेत नुसतं पाणी नसतं, प्रथिनंही असतात. गोळीने थोडं पाणी निघतं, प्रथिनं तिथेच राहतात आणि ती पुन्हा पाणी ओढून घेतात. वर्षानुवर्षं ती साचून राहिली की आत चरबी आणि तंतू वाढतात, कातडी जाड होते. जी सूज पाण्याची असते ती बांधून उतरते. जी तंतूंची झाली ती फार कमी होते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं आणि मला त्याचा उपयोग झाला, कारण पाय पूर्वीसारखा होईल या आशेवर मी आणखी वर्षं घालवली नाहीत.

त्यांनी माझ्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहिली. धरताच येईना. उजव्या पायाची सहज आली. ही साधी चिमूट लिम्फेडीमा ओळखायला वापरतात. मग तापाचा संबंध समजला: साचलेली लसिका म्हणजे जंतूंना वाढायला चांगली जागा, आणि त्यांना पकडून न्यायची व्यवस्था तिथे मंदावलेली असते. शिवाय प्रत्येक तापात उरल्यासुरल्या लसिकावाहिन्या खराब होतात, सूज आणखी वाढते, कातडी आणखी जाड होते, तिला आणखी भेगा पडतात. माझी पहिल्या तापानंतरची सूज कधीच पूर्ण उतरली नव्हती, ती यामुळेच.

अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण होऊन लाली आणि दुखणं जाईपर्यंत पाय बांधायचा नाही, असं ठरलं. तेवढ्या दिवसांत फक्त गार पाण्याच्या घड्या, पाय उंच ठेवणं आणि आराम. बांधण्याआधी त्यांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून दोन्हींचं प्रमाण काढलं. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टीने रक्तपुरवठाच तुटू शकतो, म्हणून ही तपासणी आधी. माझं प्रमाण १.० आलं, म्हणजे नेहमीच्या दाबाने बांधायला हरकत नव्हती. हृदय नीट चालत नसेल तरही आधी डॉक्टरांना विचारूनच बांधायचं असतं, कारण पायातलं पाणी एकदम वर सरकतं.

आता धुण्याचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. सकाळी पट्टी सोडल्यावर आधी उजेडात पाय बघायचा: तळवा, टाच, घोट्याची घडी, चारही बेचकी. तळवा दिसत नाही म्हणून मी जमिनीवर आरसा ठेवते. मग साधं, न तापवलेलं पाणी आणि सौम्य साबण. गुडघ्यापासून खाली धूत यायचं, हाताने किंवा मऊ फडक्याने. ब्रश नाही, दगड नाही. खवले घासून काढायचा मोह मला फार व्हायचा आणि एकदा मी काढलेही. खाली ओलसर लाल कातडी निघाली आणि ती भरून यायला दहा दिवस गेले. खवल्यांसाठी सॅलिसिलिक आम्लाचं मलम डॉक्टरांनी दिलं, त्याने ते हळूहळू आपोआप सुटले. बेचक्यांसाठी गॉजची पट्टी दोन बोटांमधून हलकेच पुढेमागे ओढते. साबण पूर्ण निघेपर्यंत, खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पाणी घालते.

आणि मग सुकवणं. इथेच माझं वर्षानुवर्षं चुकत होतं. मी टॉवेलने पाय पुसायचे आणि बेचकी तशीच ओली राहायची, कारण सुजलेली बोटं एकमेकांना चिकटून असतात आणि वारा आत जातच नाही. आता सुक्या गॉजचा तुकडा प्रत्येक बेचक्यात घालून टिपते, चोळत नाही. काढलेला तुकडा ओलसर लागला तर दुसरा घालते. चौथ्या बेचक्याला बहुतेक दिवशी तीन तुकडे लागतात. नंतर बेचक्यांत बुरशीचं क्लोट्रिमॅझोल मलम अगदी पातळ, आणि बाकी पायावर वास नसलेलं मॉइश्चरायझर. ते बेचक्यांत लावायचं नाही, तिथे ओल साठते. बुरशीचं मलम कातडी चांगली दिसायला लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायला सांगितलं होतं. मी पहिल्यांदा आठवड्यात थांबवलं आणि ती पांढुरकी ओल परत आली.

बांधण्याच्या बाबतीतही मी आधी स्वतःच्या मनाने चूक केली होती. मुरगळलेल्या पायाला गुंडाळतात तसलं क्रेप बँडेज आणून घोट्यापासून वर घट्ट गुंडाळलं. पाऊल उघडंच. रात्री दोनला बोटं निळसर आणि टम्म फुगलेली, घोट्यावर दोरी बांधल्यासारखा वळ. पाणी वर गेलं नाही, खाली पावलात अडकलं. मॅडमनी वापरली ती शॉर्ट स्ट्रेच पट्टी. ती फार ताणली जात नाही. स्वस्थ बसलं की तिचा दाब कमी असतो, चालताना पोटरी फुगून पट्टीवर आदळते तेव्हा दाब वाढतो, आणि हा चढउतार लसिका वर ढकलतो. म्हणूनच ती रात्रीही ठेवता येते, आणि म्हणूनच ती बांधून चालावं लागतं. नुसती बांधून पडून राहिलं तर अर्धंच काम होतं.

त्यांनी आधी सुती नळीमोजा चढवला. मग पायाच्या बोटांना चार सेंटिमीटर रुंद गॉजच्या पट्टीने एकेक करून गुंडाळलं, नखं मात्र उघडी. त्यानंतर कापसाच्या अस्तराचे थर, आणि घोट्याच्या घडीत फोमचा एक कापलेला तुकडा. फोम कशाला, तर घडीत पट्टी रुतून तिथेच दाब वाढतो आणि शेजारी कमी पडतो; फोमने खळगा भरला की पाय एका सरळ नळीसारखा होतो. मग पाऊल काटकोनात धरून आठ सेंटिमीटरची पट्टी पावलाला, दहाची घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, आणि वरून आणखी एक दहाची उलट्या दिशेने. "घोट्यावर मुद्दाम घट्ट ओढू नका," त्या म्हणाल्या. ताण सगळीकडे सारखा ठेवला तरी बारीक भागावर दाब आपोआप जास्त पडतो आणि जाड भागावर कमी, म्हणजे खालून वर दाब आपसूकच उतरत जातो. माझी मांडी फारशी सुजत नाही म्हणून गुडघ्यापर्यंत पुरतं. मांडी सुजणाऱ्यांना जांघेपर्यंत बांधावं लागतं, नाहीतर सूज गुडघ्यावर साठते.

बांधून झालं की नख दाबून पाहायचं. सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या, निळी किंवा पांढरी पडली, दुखायला लागलं तर लगेच सोडायचं, सकाळची वाट बघायची नाही. मी पहिल्या आठवड्यात दोनदा सोडली. दोन्ही वेळा पावलाच्या वरच्या बाजूला वेढा दुमडला होता.

तीन आठवडे रोज बांधणं चाललं: आधी मॅडम बांधायच्या, चौथ्या दिवसापासून मला बांधायला लावून स्वतः बघत बसल्या. सकाळी पट्टी सोडल्यावर टेपने माप घ्यायचं, रोज त्याच वेळी, टाचेपासून पेनाने खूण केलेल्या त्याच जागी. पहिल्या दिवशी घोटा ३१ सेंटिमीटर आणि पोटरी ४७. उजवा पाय २३ आणि ३६. एकविसाव्या दिवशी डावा २७ आणि ४१. त्यातला बराचसा उतार पहिल्या आठ-दहा दिवसांतच झाला. पट्टी त्या दिवसांत रात्रीतून सैल होऊन घसरायची, ते पाय उतरत असल्याचं लक्षण होतं. पुढे आकडा थांबला तेव्हा मापाचा दाबमोजा शिवून घेतला. आता दिवसा मोजा, रात्री पट्टी.

मागच्या महिन्यात चौथ्या बेचक्यातली कातडी पुन्हा पांढुरकी दिसली आणि दुसऱ्या दिवशी केसाएवढी भेग पडली. त्या दोन बोटांची गॉजपट्टी दिवसा काढून ठेवली, बाकी पाय बांधलेलाच. सकाळ-संध्याकाळ धुणं, तीन-चार तुकड्यांनी सुकवणं, बुरशीचं मलम, आणि बेचकं उघडं राहावं म्हणून सुक्या गॉजची छोटी घडी. डॉक्टरांना फोटो पाठवला. जांघेत दुखलं किंवा थंडी वाजली तर त्याच क्षणी यायचं, एवढं त्यांनी बजावलं. ठणका आला नाही. सहाव्या दिवशी भेग मिटली, मलम मी आणखी दोन आठवडे लावलं. दुसऱ्या बोटाची कातडी अजूनही चिमटीत येत नाही. आज सकाळी घोटा २६.५ होता.