‘सर्वानुमते’ हा शब्द मी लिहायचा बंद केला, त्याची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात आमची पतसंस्था आहे. मी तिथे आधी लिपिक होते, नंतर व्यवस्थापक झाले. व्यवस्थापकाकडे कर्ज समितीचं प्रोसिडिंग बुक येतं. माझ्या आधीच्या साहेबांनी ते देताना एवढंच सांगितलं, “मागचं बघून पुढचं लिही.” मागे काय होतं? प्रत्येक अर्जाखाली एकच वाक्य : “सविस्तर चर्चेअंती कर्ज सर्वानुमते मंजूर करण्यात आले.” अर्ज बोटीचा असो, लग्नाचा असो, नाहीतर दुकानाचा. मीही दोन वर्षं तेच वाक्य उतरवत राहिले.

मग एक जुनं कर्ज बुडालं. जामीनदार कागदावर होते, पण त्यांच्याकडे वसूल करण्यासारखं काही नव्हतं. लेखापरीक्षकांनी विचारलं, हे कर्ज कोणी आणि कशाच्या आधारावर दिलं? समितीतले एक संचालक तावातावाने म्हणाले, “मी तेव्हाच नको म्हणालो होतो!” लेखापरीक्षकांनी बुक त्यांच्यासमोर उघडं केलं. पानावर ‘सर्वानुमते’ होतं आणि खाली त्यांचीच सही. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची चौकशी होऊन ती रक्कम जबाबदार माणसांकडून वसूल करता येते. तिथे तोंडी विरोधाला कोण विचारतो? ते संचालक खरोखर नको म्हणाले होते, हे मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी चहा मीच आणला होता. लिहिलं मात्र नव्हतं.

त्यानंतर पहिलं मोठं प्रकरण आलं ते एका मच्छीमाराचं, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ऑगस्टात बोटी निघायच्या आत इंजिन दुरुस्त करायचं, म्हणून या दिवसांत आमच्याकडे अर्जांची रांग लागते. याने ३ लाख मागितले होते. १ लाख ८० हजार इंजिनाला, त्याचं कोटेशन जोडलेलं. उरलेले १ लाख २० हजार जाळ्यांना, आणि त्याचं कोटेशन नाही.

मी पाहणीला त्याच्या घरी गेले. पडवीत नवी कोरी जाळी रचून ठेवलेली. म्हटलं, “दादा, जाळी तर आहेत की!” तो गप्प झाला. त्याची बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, “ताई, जाळी दलालाच्या पैशातली आहेत. त्याचेच फेडायचेत.” दलालाची १ लाख २० हजारांची उचल त्याच्या डोक्यावर होती. लिलावाला मासळी उतरली की दलाल विक्रीतले पाच टक्के उचलीपोटी कापून घेतो. सिबिलच्या अहवालात हे कर्ज कुठेच नव्हतं, कारण दलाल काही बँक नव्हे. लिलावाच्या पावत्यांवर मात्र कपातीचा रकाना स्पष्ट होता. अर्जात फक्त वरचा आकडा उतरवलेला. तेव्हापासून मी कोणत्याही बोटवाल्याच्या पावतीचा खालचा आकडा आधी बघते.

तारणाचा प्रश्न लवकर संपला. जमिनीचा सातबारा सामाईक निघाला, अकरा नावं, त्यातली चार मुंबईत. कोकणात हे नेहमीचंच. म्हणून बोट त्याच्याच ताब्यात ठेवून नजरगहाण घ्यायची आणि दोन जामीनदार, असं ठरलं.

मी टिपण तयार केलं. मागच्या हंगामात सप्टेंबर ते मे विक्री १४ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ६० हजार. डिझेल, बर्फ, खलाशी, दुरुस्ती धरून खर्च १ लाख ३५ हजार. राहिले २५ हजार. घरखर्च १२ हजार. शिल्लक १३ हजार. दलालाची कपात ८ हजार धरली तर पाचच हजार उरतात, पण दलालाची उचल आपण फेडली तर पूर्ण १३ मोकळे. कर्ज चार हंगामांत, वर्षाला नऊ हप्ते असे ३६ हप्ते केले तर पहिला हप्ता मुद्दल ८,३३३ आणि १२ टक्क्यांनी व्याज ३,०००, मिळून ११,३३३. बसतंय. मला माझ्या टिपणाचा अभिमानच वाटत होता.

समितीत पाच जण. त्यातल्या एकाचा चुलत भाऊ दुसरा जामीनदार होता. अध्यक्ष म्हणाले, “बसा हो, काय होतंय.” पण मी हात जोडून त्या संचालकांना बाहेर बसायला सांगितलं, आणि वहीत ते कोणत्या विषयाला उठून गेले आणि कधी परत आले, हे लिहिलं. उरले चार.

मग गुरुजींनी माझं टिपण हातात घेतलं. गुरुजी निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांनी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला : “पावसाळ्यात जेवत नाहीत का?” मी घरखर्च नऊ महिन्यांचाच धरला होता! समुद्र नऊ महिने कमावतो, चूल बारा महिने पेटते. नऊ महिन्यांचे २५ हजारांप्रमाणे २ लाख २५ हजार, त्यातून वर्षाचा घरखर्च १ लाख ४४ हजार वजा केला की उरतात ८१ हजार. पहिल्या वर्षी आम्हाला द्यायचे मुद्दल ७५ हजार आणि व्याज साधारण ३१ हजार. वर्षाला २५ हजारांचा खड्डा. मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातलं आणि जरा रागही आला, खोटं कशाला बोलू.

दुकानदार संचालक म्हणाले, “पावसात त्याची बायको सुकी मासळी विकते. चूल त्यावर चालते. सगळ्या गावाला माहीत आहे.” गुरुजी म्हणाले, “गावाला माहीत आहे, कागदाला नाही.” यावर अर्धा तास गेला. गुरुजींचं म्हणणं, एक हंगाम थांबा, त्या बाईंना पिग्मी खातं उघडू द्या, रोजचा भरणा बघू आणि मग देऊ. दुकानदारांचं म्हणणं, इंजिन आज नाही दुरुस्त झालं तर हंगाम गेला, मग बघायचं काय? दोघांचंही पटण्यासारखं होतं. गुरुजींची दुसरी भीती अशी, की दलालाचं खातं आपण बंद केलं तरी पुढच्या ऑगस्टात खलाशांना बयाणा द्यायला हा परत त्याच्याच दारात जाईल. मग दोन्ही देणी चालू.

शेवटी तिघांनी मंजूर म्हटलं, गुरुजींनी नाही. अध्यक्ष मला म्हणाले, “मॅडम, जाळीखरेदी असंच लिहा कारण. दलाल कशाला वहीत? आणि गुरुजींचं एवढं काही लिहू नका, वाईट दिसतं.” मी म्हटलं, “साहेब, जाळी लिहिली तर उद्या जाळ्यांचं बिल कोण आणणार?” कर्जाचा विनियोग तपासताना तेच पहिलं मागतात. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग “लिहा खरं ते” म्हणाले.

कच्च्या वहीवरून मी ठराव असा लिहिला :

“विषय क्र. ३. अर्जदाराने जाळीखरेदीसाठी १,२०,००० नमूद केले आहेत. प्रत्यक्ष पाहणीत जाळी आधीच घेतलेली असून ही रक्कम मासळी दलालाच्या उचलीची असल्याचे अर्जदाराने सांगितले. त्यामुळे कारण बदलून ‘इंजिन दुरुस्ती १,८०,००० व दलालाच्या उचलीची परतफेड १,२०,०००’ असे करण्यात येत आहे. व्यवस्थापकाच्या टिपणात घरखर्च नऊ महिन्यांचा धरला होता, तो बारा महिन्यांचा धरून परतफेड क्षमता पुन्हा काढली. वार्षिक सुमारे २५,००० ची तूट दिसते. ती पत्नीच्या सुक्या मासळीच्या विक्रीतून भरून निघेल असे बहुमताचे मत आहे. या उत्पन्नाचा लेखी पुरावा नाही.”

स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिणं जड गेलं. पण ती वगळली असती तर गुरुजींचा विरोध वाचणाऱ्याला हवेतला वाटला असता.

मग अटी. रक्कम अर्जदाराच्या हातात न देता इंजिनाचे पैसे दुरुस्ती करणाऱ्याला आणि उचलीचे दलालाला चेकने. दलालाकडून खातं निरंक झाल्याची लेखी पावती. पत्नी सहकर्जदार, आणि तिच्या नावे रोज १०० रुपयांची पिग्मी, जिच्यातून जून ते ऑगस्टचं व्याज भरलं जाईल. बोटीचा विमा संस्थेच्या नावाच्या नोंदीसह. पगारदार जामीनदाराचं कलम ४९ प्रमाणे पगारकपातीचं संमतिपत्र. आणि संस्थेला कळवल्याशिवाय नवी उचल घ्यायची नाही. प्रत्येक अटीपुढे मी एक गोष्ट मुद्दाम घातली : ‘वाटपापूर्वी’ की ‘वाटपानंतर’. आधीच्या ठरावांत अटी असायच्या, पण त्या कधी पुऱ्या करायच्या हे नसायचं, म्हणून पैसे जायचे आणि विम्याचा कागद यायचाच नाही.

विरोधाचं वाक्य मी स्वतः रचलं नाही. गुरुजींना विचारलं, “काय लिहू?” त्यांनी सांगितलं तसं उतरवलं आणि त्यांना वाचून दाखवलं : “पत्नीच्या उत्पन्नाचा पुरावा येईपर्यंत हे कर्ज पुढे ढकलावे. उचल फेडल्याने अर्जदार पुन्हा उचल घेणार नाही याची खात्री नाही. या कारणांसाठी माझा ठरावाला विरोध आहे.” मी ‘विरोध’च्या जागी ‘सूचना’ लिहायचा मोह टाळला होता, तरी त्यांनी तो शब्द दोनदा तपासला. एका ठिकाणी आकडा चुकला होता. तो खोडून वर बरोबर आकडा घातला आणि बाजूला अध्यक्षांची छोटी सही घेतली. व्हाइटनर त्या वहीला लावायचा नाही, हे लेखापरीक्षकांचं बोलणं अजून कानात आहे. शेवटी ठराव ‘३ विरुद्ध १ बहुमताने’ मंजूर, सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह.

त्या हंगामात नऊपैकी आठ हप्ते वेळेवर आले, एक पंधरा दिवस उशिरा. पिग्मी मात्र नेमाने भरली जायची. पिग्मी एजंट म्हणायचा, ती बाई शंभराची नोट सुपलीखाली ठेवूनच असते.

पुढच्या सप्टेंबरात पावत्या मागवल्या, तर कपातीचा रकाना पुन्हा भरलेला. ४० हजारांची उचल. मी त्याला बोलावलं, अट काढून दाखवली. तो म्हणाला, “ताई, खलाश्यांना आगाऊ दिल्याशिवाय बोटीवर चढत नाहीत. तुमच्याकडे मागितले असते तर दिले असते?” मला उत्तर देता येईना, कारण तसं कर्ज आमच्या नियमांतच नव्हतं.

पुढच्या बैठकीत मागच्या वर्षीचं पान उघडलं. गुरुजींनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि ऑगस्टात खलाशांच्या बयाण्यासाठी ४० हजारांपर्यंतचं, डिसेंबरअखेर फेडायचं हंगामी कर्ज सुरू करण्याची शिफारस संचालक मंडळाला करावी, असं स्वतःच सुचवलं. दुकानदार संचालक उसळले, “म्हणजे आता आपणच दलाल व्हायचं?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “माझा विरोध लिहा. आणि सही घ्यायच्या आधी वाचून दाखवा.”