कुलवृत्तांत, ओसीआर आणि गायब झालेले टिंब

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९३८ साली छापलेला आहे, २१२ पानं, कागद पार पिवळा पडलाय. सदाशिव पेठेतल्या काकांची कित्येक दिवसांची भुणभुण होती की हे कॉम्प्युटरवर असं घाल की नाव टाकलं की पान सापडलं पाहिजे. मी म्हटलं त्यात काय, स्कॅन करायचं, टेसरॅक्टला द्यायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणाऱ्या ओसीआर प्रोग्रॅमला, एका रविवारचं काम. चार महिने झाले.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून ३०० डीपीआयला स्कॅन करून आणलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, डाग काढून देतो, एकदम स्वच्छ," मीही खूश, पानं खरंच पांढरीशुभ्र दिसत होती. मग हे चालवलं:

```
tesseract pan042.png pan042 -l mar --psm 6
```

आउटपुट पाहून पहिल्यांदा वाटलं वा, बरंच आलंय की. मग एक पान मूळ पुस्तकाशेजारी ठेवून ओळीला बोट लावून वाचलं, तेव्हा कळलं की पुस्तकात 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं' आहे आणि माझ्याकडे 'घरात', 'नाही', 'काही'. जुन्या मराठीत न उच्चारले जाणारे अनुस्वारही छापायचे, ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. मला वाटलं प्रोग्रॅमच आपल्या मनाने आजची मराठी लिहितोय. थोडं तसं आहेही, कारण तो एकेक अक्षर सुटं न बघता अख्खी ओळ वाचतो आणि शिकलाय तो बहुतेक आजच्या मजकुरावर. पण स्कॅन मोठं करून बघितलं तर टिंबं तिथे नव्हतीच! ३०० डीपीआयला बारीक अनुस्वार म्हणजे जेमतेम पाच-सहा पिक्सेल, त्यात शाई पुसट, म्हणजे डाग काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी तो आणि धुळीचा कण सारखेच. दुकानदाराने धुळीबरोबर अनुस्वारही झाडून टाकले होते.

परत स्कॅन केलं, ६०० डीपीआय, ग्रेस्केल, साफसफाई अजिबात नाही. आता अनुस्वार आले पण कागदावरचे खरे डागही अनुस्वार होऊन बसले, 'गणेश' चा 'गंणेश'. तरी हे बरं, कारण जास्तीचं टिंब वाचताना खटकतं, गेलेलं कधीच खटकत नाही.

दुसरी डोकेदुखी जोडाक्षरं. आमच्यात सिद्धेश्वर नाव दर दुसऱ्या पिढीत आहे आणि ते येत होतं 'सिद्वेश्वर'. ओळखीतले एक काका पूर्वी छापखान्यात कंपॉझिटर होते, त्यांना पान दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "अरे, हा खिळा झिजलाय, शाई भरलीय बघ." खिळा म्हणजे छपाईचा अक्षराचा ठसा, द्ध चा असा एक अखंड खिळा असायचा, त्यात द च्या पोटाखाली ध बारीक कोरलेला, आणि ध ची वरची गाठ शाईने बुजली की तो हुबेहूब व दिसतो. जोडाक्षरांचे असे वेगळे खिळे शेकड्यांनी असायचे म्हणे, ल्ल मध्ये तर ल खाली ल. प्रोग्रॅमने शिकताना पाहिलेले नमुने मुख्यतः कॉम्प्युटरच्या फाँटमधले, त्यांत ही वळणं फारशी नाहीतच. शिवाय शिरोरेषा. आपल्याला ती सलग दिसते, पण प्रत्येक खिळ्याचा स्वतःचा तुकडा होता, नीट बसला नाही की मधे फट, मग एका शब्दाचे दोन व्हायचे.

द्ध साठी मी एक जुगाड केलं, सगळी पानं एका फाइलमध्ये घेऊन द्व असलेले शब्द मोजून काढले:

```
grep -o '[^ ]*द्व[^ ]*' sagla.txt | sort | uniq -c
```

मराठीत खरा द्व असलेले शब्द थोडेच, द्वारका, विद्वान, द्वितीय वगैरे, त्यामुळे चुकीचे लगेच उठून दिसतात. 'शुद्व', 'प्रसिद्व', 'वृद्व', सगळे एकाच खिळ्याचे बळी. पण डोळे झाकून सगळीकडे बदल करू नका हं, मी तो प्रताप केला आणि एक द्वारकाबाई 'द्धारकाबाई' झाल्या, काकूने पकडलं.

अनुस्वारांचं शेवटी असं ठरवलं की मजकूर छापलाय तसाच ठेवायचा, आणि शोधायला टिंबं काढून टाकलेली दुसरी प्रत, काकांनी टाइप केलेल्या शब्दातलीही टिंबं काढूनच शोधायचं. म्हणजे 'घरात' टाका नाहीतर 'घरांत', पान तेच येतं. आता १४० पानं तपासून झालीत. वंशवृक्षाची पानं मात्र टेसरॅक्टला दिलीच नाहीत, रेघा आणि शिरोरेषा त्याने एकच मानल्या असत्या, ती काकू वाचून दाखवते आणि मी टाइप करतो.