मे महिन्याचं काम एप्रिलमध्ये कसं सांगायचं?

बुटीबोरीच्या एका प्लास्टिक फिल्म कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि अप्रायझलची मीटिंग पुढच्या एप्रिलात. यात मेंटेनन्सवाल्याची गोची अशी, की आमची खरी परीक्षा नागपूरच्या उन्हाळ्यात होते, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत. मार्चमध्ये फॉर्म भरायला बसलं की साहेबांना आठवते जानेवारीतली बेअरिंग. नवतप्यात कोण कुठे राबत होतं, ते पहिल्या पावसातच वाहून गेलेलं असतं.

म्हणून मी नोंदवही ठेवायला लागलो. साधी एक्सेल शीट. दर शनिवारी शिफ्ट संपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं. रकाने पाच: तारीख, अडचण काय होती, मी काय केलं, आधीचा आणि नंतरचा आकडा, आणि पुरावा कुठे आहे. शेवटचे दोन भरलेले नसतील तर पहिल्या तिघांना काही वजन नसतं.

एक नोंद सविस्तर सांगतो. प्लास्टिक वितळवून फिल्म काढणाऱ्या एक्स्ट्रूडर लाइनचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक युनिट, उन्हाळ्यात ओव्हर टेम्परेचर दाखवून ट्रिप व्हायचे, म्हणजे आपोआप बंद पडायचे. बऱ्याच ड्राइव्हची पूर्ण क्षमता चाळीस अंशांपर्यंतच धरलेली असते, आणि पॅनलच्या आतली हवा तर शेडपेक्षाही गरम. लाइन थांबली की डायमधला माल जळतो, तो काढून पुन्हा चालू करेपर्यंत सरासरी चाळीस मिनिटं जातात. आधीच्या उन्हाळ्यातल्या अशा ट्रिप ब्रेकडाउन रजिस्टरमधून मोजल्या, चौदा निघाल्या. हे मोजणं कामाला हात लावण्याआधीच उरकलं. सुधारणा झाल्यावर जुना आकडा शोधायला गेलं की लोकांना वाटतं, सोयीचा तेवढाच उचलला.

मग पॅनलचे फिल्टर धुण्याचं वेळापत्रक महिन्यावरून आठवड्यावर आणलं, बंद पडलेले पंखे बदलले आणि सर्वांत मोठ्या पॅनलला एसी बसवून घेतला. (पॅनलसमोर डेझर्ट कूलर लावायचा सल्ला इथे दर वर्षी कोणीतरी देतोच. ओली हवा आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड यांचं जमत नाही, भाऊ.) त्या उन्हाळ्यात ट्रिप झाल्या तीन. म्हणजे साधारण सव्वानऊ तासांची थांबणूक दोन तासांवर आली.

पुराव्याचं मात्र तेव्हाच बघावं लागतं. ड्राइव्हच्या मेमरीत शेवटचे मोजकेच फॉल्ट राहतात, नवीन आले की जुने पुसले जातात. त्यामुळे प्रत्येक ट्रिपनंतर डिस्प्लेवरचा फॉल्ट कोड, परवानगी घेऊन, कंपनीच्याच फोनमध्ये टिपला. महिनाअखेरीस प्रॉडक्शनच्या डाउनटाइम शीटशी आपले आकडे जुळवले. दोन्हीकडे वेगळे आकडे असतील तर मीटिंगमध्ये आपलाच खोटा ठरतो. शीट आणि फोटो कंपनीच्या फोल्डरमध्येच. घरच्या मेलवर ग्राहकांची नावं, उत्पादनाचे आकडे पाठवणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं.

फॉर्म भरताना सगळी शीट ओतली नाही. साहेबांनी वर्षाच्या सुरुवातीला ठरवून दिलेले केआरए, म्हणजे माझ्या कामाचे मुख्य मुद्दे, समोर ठेवले आणि प्रत्येकाखाली दोन-तीनच नोंदी घेतल्या. एसीची मंजुरी साहेबांनी आणली होती आणि पंखे आमच्या इलेक्ट्रिशियनने बदलले होते, तेही लिहिलं. माझा भाग होता कारण शोधणं, वेळापत्रक बदलणं आणि ते पाळलं जातं की नाही ते बघणं. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं तर गुण कोणाला द्यायचे ते कळत नाही, आणि सगळीकडे ‘मी’ लिहिलं तर समोरचा माणूस चिडतो.

मीटिंगमध्ये साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, “अरे, त्या वर्षी ऊनच कमी असेल तर? नाहीतर मशीनच कमी चालली असेल.”

मी म्हणालो, “साहेब, लाइनचे तास दोन्ही वर्षी जवळपास सारखेच आहेत, शीटमध्ये आहेत. आणि पॅनलमधलं तापमान दुपारी तीन वाजता रोज लिहिलंय. फिल्टर धुतल्याच्या दिवशी ते खाली येतं, चोक झाले की चढतं.”

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि तापमानाचा रकाना वाचत बसले. बाकीच्या मुद्द्यांवर फारशी चर्चाच झाली नाही.

रेटिंग एका पायरीने वाढलं. पगारवाढ मनासारखी नव्हती, कारण विभागाला मिळालेली रक्कम ठरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटायची असते. तिथे नोंदवहीचं काही चालत नाही. आयटीआयच्या दोन पोरांना पॅनलचं काम शिकवलं, तो मुद्दाही मान्य झाला नाही, कारण त्याच्या रकान्यात पुरावाच नव्हता. आता पोरांनी एकट्याने केलेल्या प्रत्येक कामाच्या जॉब कार्डवर त्यांचीच सही घेतो आणि कार्डाचा नंबर शीटमध्ये टाकतो.