तो आला आणि मटार सोलत बसला

बाणासुराच्या मुलीला, उषेला, झोपेत एक पुरुष दिसला. ओळख नाही, नाव नाही, आणि जाग आली तेव्हा ती मैत्रिणींच्या घोळक्यात उठून त्याला हाका मारत होती. भागवतातली ही गोष्ट बहुतेकांना उषा-अनिरुद्धाची म्हणून ठाऊक असते. मला मात्र त्यातली चित्रलेखाच जास्त आवडते. मैत्रिणीला वेड लागलं असं न म्हणता ती कुंचला घेऊन बसते. देव, गंधर्व, यक्ष, माणसं अशी एकेकाची चित्रं काढते आणि विचारते, हा का? प्रद्युम्नाचं चित्र आलं तेव्हा उषा लाजली, कारण तो पुढे सासरा व्हायचा होता. अनिरुद्धाचं आलं तेव्हा मान खाली घालून हसली. हाच तो.

आमच्या सकाळच्या धीम्या लोकलच्या लेडीज डब्यात चित्रलेखा पुष्कळ आहेत, पण कुंचल्याऐवजी त्यांच्याकडे फिल्मी नावांची यादी असते. त्यामुळे आमच्या ग्रुपमधली एक जण (ती बँकेत आहे, दोन मुलांची आई, लग्नाला वीसेक वर्षं झालेली) एका सोमवारी म्हणाली, "अगं, काल स्वप्नात मी चक्क प्रेमात पडले", तेव्हा घाटकोपर यायच्या आत डब्याने तिच्याकडून नाव काढून घेतलं. एक नट. नाव मी सांगत नाही, त्याला उगाच उचक्या लागायच्या.

"मग? काय केलं त्यानं?" चौथ्या सीटवरून प्रश्न आला. आवाजात आशा होती.

"मटार सोलले."

डब्याची निराशा झाली. पण ती सांगत राहिली. स्वप्नात ती विक्रोळीच्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात होती. तो ओट्याजवळच्या स्टुलावर बसला होता, मांडीवर परात घेऊन. ती नेहमीसारखी उभ्या उभ्या खात होती. तो म्हणाला, "बसून खा ना, गरम आहे तोवर." ती बसली. तिचं जेवण होईपर्यंत तो उठला नाही. एवढंच. हात धरणं नाही, गाणं नाही, स्वित्झर्लंड नाही. मग पहाटेच्या पाण्याचा अलार्म वाजला आणि पिंप भरता भरता तिला रडू आलं.

या स्वप्नातला माल कुठून आला ते शोधायला फार डोकं लागत नाही. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत तिने खरंच मटार सोलले होते, मी शेजारीच होते, आणि ती रोज ज्या पुलावरून जाते तिथल्या होर्डिंगवर तो नट बनियनच्या जाहिरातीत हसत उभा आहे. फ्रॉइडने याला दिवसाची शिल्लक म्हटलं आहे: नुकतंच पाहिलेलं, हाताळलेलं काहीबाही मन रात्री वापरायला घेतं. आपल्याकडे 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणतात, पण मनात मटार नव्हते वसले आणि तो नटही. या दोघांना हाताशी धरून जे मांडलं गेलं ते वसलं होतं.

पहाटेचंच स्वप्न इतकं लख्ख का आठवतं, यालाही साधं कारण आहे. झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली हा टप्पा नोंदवला. रात्रीच्या सुरुवातीला तो काही मिनिटांचा असतो, पहाटे अर्ध्या तासापर्यंतही लांबतो. म्हणजे पाण्यासाठी पाचला उठणारी मुंबईतली बाई नेमकी सगळ्यात लांब स्वप्नाच्या मधोमध उठते. त्या वेळी मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो, आणि हिशेब तपासणारा, 'अहो, पण हा माणूस विक्रोळीत कशाला येईल?' असं विचारणारा कपाळामागचा भाग बराचसा गप्प. शंका घ्यायलाच कुणी नाही. म्हणून स्वप्नातलं प्रेम जागेपणीच्या प्रेमापेक्षा पक्कं वाटतं. जाग आल्यावर गोष्ट पाचदहा मिनिटांत विरते, पण छातीत भरून आलेलं दुपारपर्यंत टिकतं. तिने त्या दिवशी बँकेत एका पेन्शनरला दोनदा पैसे मोजून दिले, इतकी ती हरवली होती. (रक्कम तीच, मोजणी दोनदा. काळजी नसावी.)

पण नटच का? नवरा का नाही, शाळेतला एखादा मुलगा का नाही? मला वाटतं, नटाशी आपलं खातं कोरं असतं. त्याचा चेहरा, आवाज, मान कलती करायची लकब आपण वर्षानुवर्षं पाहिलेली असते, घरच्या माणसाइतकी. पण त्याने आपला वाढदिवस विसरलेला नसतो, त्याच्या आईने आपल्या आमटीला नावं ठेवलेली नसतात. पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या दोघांनी 1956 मध्येच लिहून ठेवलंय, टीव्ही नवा होता तेव्हा. नवऱ्याला स्टुलावर बसवायचं तर वीस वर्षांचा इतिहास त्याच्याबरोबर येऊन बसतो. अनोळखी माणसाचं तर आणखी सोपं, त्याला चेहराही लागत नाही. स्वप्नात दिसणारा प्रत्येक चेहरा आपण कुठेतरी पाहिलेलाच असतो असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते तपासायचं कसं, हे मात्र त्यातलं कुणी सांगत नाही.

आता तिने जे केलं ते सगळ्याच करतात. रोज रात्री पांघरुणात मोबाईल धरून त्याच्या मुलाखती पाहायला लागली. पुढच्या आठवड्यात तो आला, स्वप्नात, अगदी तोच. तो काउंटरपलीकडे उभा होता आणि पासबुक छापून मिळालं नाही म्हणून भांडत होता. "मग प्रेम?" मी विचारलं. "कसलं प्रेम! मी त्याला प्रिंटर बंद आहे म्हणून सांगितलं."

त्यानंतर काही दिवसांनी तिला गाडीचं स्वप्न पडलं. खचाखच गर्दी. कुणीतरी उठून तिला खिडकीची जागा दिली, तिची पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हटलं, "झोपा तुम्ही, दादर आलं की उठवतो." चेहरा आठवत नाही. वय आठवत नाही. पण जाग आली तेव्हा घशात तेच, मटारच्या दिवसासारखं.

हॉल आणि व्हॅन डी कॅसल यांनी 1966 मध्ये स्वप्नं मोजायची एक पद्धत पुस्तकात मांडली. ते प्रतीकं उलगडत बसत नाहीत. स्वप्नात कोण कोण होतं, कुणी कुणावर राग काढला, कुणी कुणासाठी चांगलं केलं, पुढाकार कुणाचा आणि घेणारं कोण, असं लिहून काढतात. आम्ही तिची तीन स्वप्नं तशी मांडली, तिकिटाच्या मागच्या बाजूला. नट, तिचं जेवण होईस्तोवर बसला: प्रेम. तोच नट, तिच्याकडून काम मागत होता: कपाळाला आठी. बिनचेहऱ्याचा माणूस, तिची झोप राखत बसला: पुन्हा प्रेम. ज्या दोन स्वप्नांत प्रेम होतं, त्यात देणारा दुसरा होता आणि घेणारी ती. आणि जागेपणीचा दिवस तसाच लिहिला तर? डबे, औषधं, सासूबाईंचा चहा, मुलाची फी, काउंटरवरची रांग. सगळीकडे पुढाकार हिचा. "जेवलीस का?" हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता ते ती भायखळ्यापर्यंत आठवत राहिली. आई गेल्यानंतर कुणी नाही.

एकाच स्वप्नावरून मी हे काढलं नसतं. एखादं स्वप्न नुसतं आलेलं असतं. घरात लग्न होऊन चार रात्री झोप झाली नाही की पाचव्या रात्री स्वप्नांचा पूर येतो. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ती गडद होतात. तेच देणंघेणं चेहरे बदलून परत येतं तेव्हा वही काढावी. आणि दिवसा काही गोड लागेनासं झालं, उठवेनासं झालं, तर तिकिटामागच्या हिशेबावर न थांबता समुपदेशकाकडे जावं.

तिच्या बाबतीत खरी पंचाईत घरात झाली. स्वप्नातल्या परपुरुषाचा राग जागेपणी जोडीदारावर निघतो. अमेरिकेत सेल्टरमन आणि सहकाऱ्यांनी नात्यात असलेल्या लोकांकडून स्वप्नांच्या नोंदी ठेवून घेतल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बेइमानीच्या स्वप्नांनंतर पुढच्या दिवसांत जवळीक कमी झालेली दिसली. इथे बेइमानी मटाराइतकीच होती, पण सोमवारपासून ती नवऱ्यावर चहाच्या कपावरूनही खेकसत होती. बिचाऱ्याला गुन्हाच ठाऊक नाही. शेवटी तिने सांगून टाकलं.

त्याने आधी नटाचं नाव विचारलं. "तो? त्याच्यापेक्षा मी बरा दिसतो." मग जरा थांबून, "मी कुठे होतो?"

"तुम्ही बाहेर हॉलमध्ये. मॅच बघत होतात."

यावर तो काही बोलला नाही. नंतरच्या रविवारी पान वाढल्यावर मात्र म्हणाला, "तूपण बस." ती म्हणाली, पोळ्या कोण लाटणार? तो म्हणाला, सगळ्या करून डब्यात ठेव, गार खाऊ. गरम पोळीवर वाढलेल्या माणसाने हे म्हणावं, यावर आमचा डबा दोन दिवस बोलत होता. एकीने तर हे त्याचं सोंग आहे, चार दिवस टिकेल, असं जाहीर करून टाकलं.

"टिकेल न टिकेल," ती म्हणाली, "पण मला जेवताच येईना गं. तो समोर बसून बघत होता. दोन घास झाले आणि मी मीठ आणायला उठले. मीठ ताटातच होतं."